पासवर्ड बरोबर, तरी दार बंद!

समजा, तुमची ताई बारावी होऊन अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली. घर कणकवलीला. प्रवासात आगगाडीमध्ये तिचा फोन हरवला; त्याबरोबर सिमकार्डही गेले. पुण्यात पोचल्यावर तिने नवा फोन घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता महाविद्यालयात कागदपत्रांची तपासणी आहे, आणि प्रवेशाचे पत्र आहे तिच्या ई-मेलमध्ये. रात्री एक वाजता, वसतिगृहाच्या वाय-फायवर, ती नव्या फोनवरून आपले खाते उघडू लागते. नव्या कळफलकाची बोटांना सवय नाही, म्हणून दोनदा पासवर्ड चुकतो. तिसऱ्यांदा बरोबर पडतो. पण खाते उघडत नाही! पडद्यावर अक्षरे येतात : 'हे तुम्हीच आहात याची खात्री पटत नाही. तुमच्या नोंदवलेल्या क्रमांकावर पाठवलेला संकेतांक भरा.'

तो क्रमांक तर हरवलेल्या फोनबरोबर गेला. ताई रडकुंडीला येते. खाते तिचे, पासवर्ड बरोबर; मग अडवणूक कशासाठी? आणि पलीकडे तर कोणी माणूस बसलेला नाही. मग 'खात्री पटत नाही' असे म्हणणारा हा आहे तरी कोण?

तो आहे एक हिशेब. प्रत्येक लॉग-इनच्या वेळी संगणक क्षणार्धात हा हिशेब करतो आणि समोरची व्यक्ती चोर असण्याची शक्यता किती, याला गुण देतो. या पद्धतीला जोखमीवर आधारलेले लॉग-इन म्हणतात. हा हिशेब कसा मांडतात आणि त्यात खरा धनीच कसा अडकतो, ते आज पाहू.

किल्लीवर विश्वास का उरला नाही?

पूर्वी पासवर्ड बरोबर असला की दार उघडे, असा साधा नियम होता. पण बहुतेक माणसे एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरतात. एखाद्या लहानशा दुकानाच्या संकेतस्थळावरून ग्राहकांची यादी चोरीला गेली, की चोर त्याच जोड्या मोठ्या संकेतस्थळांवर एकामागून एक लावून पाहतात. हे काम हाताने नव्हे, तर यंत्राने चालते. दिवसाला लाखो जोड्या तपासता येतात. त्यांतल्या काही लागू पडतातच. अशा वेळी चोराने घातलेला पासवर्ड अगदी बरोबर असतो! म्हणजे किल्ली बरोबर आहे एवढ्यावरून ती धरणारा हात कोणाचा, हे कळत नाही. म्हणून किल्लीखेरीज आणखी काही साक्षीदार विचारात घ्यावे लागतात. मुख्य साक्षीदार तीन : यंत्र, ठिकाण आणि वागणूक.

पहिला साक्षीदार : यंत्र

तुम्ही एखाद्या फोनवरून प्रथमच लॉग-इन करता तेव्हा संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरमध्ये एक लांबलचक, सहज ओळखता न येणारी खूण ठेवते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ब्राउझर ती खूण परत दाखवतो आणि संकेतस्थळाला कळते, की हे यंत्र ओळखीचे आहे. यात्रेत चपला ठेवताना आपल्याला बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार. बिल्ला हरवला, की चपला तुमच्याच असूनही पंचाईत होते. ब्राउझरमधील कुकी पुसून टाकणारा किंवा नेहमी खासगी खिडकीतून काम करणारा मनुष्य दर वेळी संकेतस्थळाला अनोळखीच वाटतो, त्याचे कारण हेच.

बिल्ला नसेल तर यंत्राच्या वर्णनावरून अंदाज करतात : पडद्याचा आकार, भाषा, घड्याळाचा कालविभाग, आणि ब्राउझर स्वतःची ओळख सांगताना पाठवतो ती ओळ. अँड्रॉइड फोनवरील क्रोम ब्राउझरची ओळ अशी दिसते :

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K) AppleWebKit/537.36 (KHTML, like Gecko) Chrome/124.0.0.0 Mobile Safari/537.36
```

यात एक गंमत आहे. फोन कोणत्याही कंपनीचा असो आणि त्यावर अँड्रॉइडची कोणतीही आवृत्ती असो, अलीकडचा क्रोम `Android 10; K` असेच सांगतो. लोकांचा माग काढता येऊ नये म्हणून तो मुद्दाम कमी बोलतो. खासगीपणाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. पण साक्षीदार जितका कमी बोलेल, तितकी खऱ्या माणसाच्या बाजूची साक्षही दुबळी होते.

दुसरा साक्षीदार : ठिकाण

पुष्कळांना वाटते, की संकेतस्थळाला आपले गाव फोनमधील उपग्रह-यंत्रणेवरून कळते. लॉग-इनच्या वेळी सहसा तसे नसते. संकेतस्थळाला दिसतो तो इंटरनेटवरील पत्ता, म्हणजे आय.पी. पत्ता. हे पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना गठ्ठ्यांनी वाटलेले असतात. कोणता गठ्ठा कोणत्या कंपनीचा आणि ती तो साधारण कोठे वापरते, याच्या याद्या तयार केलेल्या आहेत. त्या यादीत पाहून गावाचा अंदाज करतात. देश बहुधा बरोबर निघतो. गावाची मात्र खात्री नसते.

जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगातील सगळ्या यंत्रांना ते पुरत नाहीत. म्हणून मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. शिवाय या कंपन्यांची बाहेर पडण्याची दारे मोजक्या शहरांतच असतात. त्यामुळे कणकवलीत बसलेला मनुष्य मुंबईत असल्यासारखा दिसू शकतो. वसतिगृहातही तीच गोष्ट. शेकडो मुले एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात. त्यांतल्या एकाच्या संगणकात घातक प्रणाली शिरली आणि तिने उपद्रव केला, तर नाव खराब होते ते सगळ्यांच्या सामाईक पत्त्याचे.

ठिकाणावरून आणखी एक हिशेब करतात, तो वेगाचा. समजा, रात्री नऊ वाजता तुम्ही मोबाइलवरून खाते उघडले आणि पत्त्यावरून ठिकाण निघाले मुंबई. वीस मिनिटांनी घरच्या वाय-फायवरून उघडले. ते पुरवणाऱ्या कंपनीचे दार होते बंगळूरला. या दोन शहरांत सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटर अंतर आहे. वीस मिनिटांत ८४०, म्हणजे ताशी २५२० किलोमीटर! प्रवासी विमान ताशी ९०० च्या आसपास जाते. संगणक म्हणतो, हा प्रवास अशक्य; ही दोन माणसे असली पाहिजेत. तुम्ही तर खुर्चीवरून उठलेलाही नसता.

तिसरा साक्षीदार : वागणूक

तारायंत्राच्या काळात अनुभवी तारमास्तर नुसत्या कट्ट-कडकट्टच्या लयीवरून पलीकडे कोण बसले आहे ते ओळखत. प्रत्येकाच्या हाताची ठेवण वेगळी असते. हीच कल्पना कळफलकाला लावून पाहता येईल का, याचा प्रयोग अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेने केला आणि त्याचा अहवाल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. टंकलेखनात तरबेज अशा काही जणींकडून मजकूर टंकित करून घेतला आणि दोन अक्षरांमधील कालांतरे मोजली. प्रत्येकीची लय ओळखू येते, असे दिसून आले.

आज वागणुकीत याहून साध्या गोष्टीही पाहतात. लॉग-इनची नेहमीची वेळ कोणती? पासवर्ड किती वेळा चुकला? आत शिरल्याबरोबर पत्रे वाचायला घेतली, की लगेच पासवर्ड आणि फोन-क्रमांक बदलायला धाव घेतली? पण हा साक्षीदार लहरी आहे. बोटाला पट्टी बांधलेली असली, फोन नवा असला किंवा परीक्षेसाठी जागरण चालू असले, की आपणच आपल्यासारखे वागत नाही.

चाळण्यांचे गणित

आता ताईचा हिशेब मांडू. पुढील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक संकेतस्थळाचे आकडे वेगळे असतात आणि ते गुप्त ठेवले जातात. पण रीत हीच.

समजा, एखाद्या संकेतस्थळावर बरोबर पासवर्ड घालून १० लाख खरी माणसे आली आणि त्यांच्यात १०० चोर मिसळले आहेत. ही सगळी गर्दी आपण एकाखाली एक चार चाळण्यांतून गाळू.

पहिली चाळणी यंत्राची. खऱ्या माणसांपैकी शंभरात ५ जण नव्या यंत्रावरून येतात. चोर तर सगळेच नव्या यंत्रावरून येणार. चाळणीखाली उरले : खरे ५०,०००, चोर १००.

दुसरी चाळणी ठिकाणाची. खऱ्यांपैकी शंभरात ४ जण कधी न पाहिलेल्या ठिकाणाहून येतात, चोरांपैकी शंभरात ८०. उरले : खरे २,०००, चोर ८०.

तिसरी चाळणी वेळेची. रात्री एकच्या सुमारास येणारे खऱ्यांत शंभरात १०, चोरांत शंभरात ३०. उरले : खरे २००, चोर २४.

चौथी चाळणी चुकांची. आधी पासवर्ड चुकलेले खऱ्यांत शंभरात १०, चोरांत शंभरात २०. उरले : खरे २०, चोर ५ (नेमके ४.८).

ताई या शेवटच्या पंचवीस जणांत आहे. तिचा गुण किती? पंचविसात पाच चोर, म्हणजे शंभरात २०. सुरुवातीला दहा हजारांत एक चोर होता. आता पाचांत एक. संशय दोन हजार पटींनी वाढला!

पण जरा थांबा. याच हिशेबाकडे उलट्या बाजूने पाहा. चारही बाबतीत संशयास्पद ठरलेल्या या पंचवीस जणांत २० जण अगदी खरे आहेत. म्हणजे अडवले जाणारे बहुसंख्य लोक निर्दोषच! यात यंत्राचा बिघाड नाही. खरी माणसे इतकी प्रचंड संख्येने असतात, की त्यांच्यातील थोड्या जणांचे विचित्र वागणेही सगळ्या चोरांपेक्षा भरते. गंजीत सुई शोधताना हाताला आधी काड्याच लागणार, तसेच हे.

लिंक्डइन या कंपनीतील आणि विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ मध्ये अशा हिशेबाची एक रीत प्रसिद्ध केली. तिचा गाभा हाच होता : आजची खूण या व्यक्तीच्या आजवरच्या नोंदींत किती वेळा आढळते आणि एकूण जनतेत किती वेळा, यांचे गुणोत्तर काढायचे, आणि अशी गुणोत्तरे एकमेकांशी गुणायची.

गुणाकारातली फट

'गुणायची' या शब्दापाशीच खरी मेख आहे. संभाव्यतेच्या धड्यात तुम्ही शिकला असाल, की दोन घटना परस्परांवर अवलंबून नसतील तरच त्यांच्या संभाव्यता सरळ गुणता येतात. दोन नाणी उडवली तर दोन्ही छापा पडण्याची संभाव्यता १/२ × १/२ = १/४. पण ती दोन नाणी एकमेकांना चिकटवलेली असली तर? मग उत्तर १/४ येणार नाही, १/२ येईल.

ताईची नाणी चिकटलेली आहेत. तिचे गाव बदलले. त्या प्रवासात फोन हरवला म्हणून यंत्र बदलले. नवे यंत्र म्हणून पासवर्ड चुकला. सकाळची तपासणी जवळ आली म्हणून जागरण झाले. कारण एकच, घर सोडले हे. खुणा मात्र चार. आपल्या हिशेबाने एकाच गोष्टीबद्दल तिला चार वेळा दंड केला.

म्हणून हिशेब पुन्हा करू. दहा लाख खऱ्यांपैकी नव्या ठिकाणाहून आलेले शंभरात ४, म्हणजे ४०,०००. स्थलांतर केलेल्या या लोकांत नवे यंत्र असणारे शंभरात ५ नव्हे, ३० धरू : १२,०००. त्यांत रात्री उशिरा जागणारे शंभरात २५ : ३,०००. त्यांत पासवर्ड चुकलेले शंभरात २० : ६००. चोर पूर्वीइतकेच, ५. आता ६०५ जणांत ५ चोर, म्हणजे शंभरात एकही नाही!

खुणा त्याच, ताई तीच. पण पहिल्या हिशेबात गुण २० आणि दुसऱ्यात एकाहून कमी. मग सगळेच दुसरा हिशेब का करत नाहीत? मोठी संकेतस्थळे तसा प्रयत्न करतात. पण अडचण अशी, की ताईच्या स्वतःच्या नोंदीत असे स्थलांतर पूर्वी एकदाही झालेले नाही. तिच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून 'गाव बदलल्यावर ती कशी वागते' हे कळणार कोठून? म्हणून इतर लोकांच्या नोंदींवरून अंदाज बांधावा लागतो. त्यामुळे ज्यांचे जीवन ठरावीक चाकोरीत चालते त्यांना ही पद्धत कधी जाणवतही नाही. गाव बदलणारे विद्यार्थी, जहाजावरचे खलाशी, एकच फोन सगळ्यांत मिळून वापरणारे कुटुंब, अशांना मात्र ती पुनःपुन्हा अडवते.

दार केव्हा लावायचे?

गुण मिळाल्यावर संकेतस्थळ बहुधा तीन पायऱ्या ठेवते. गुण कमी असला तर काही न विचारता दार उघडायचे. मध्यम असला तर आणखी एक पुरावा मागायचा. बहुधा फोनवर पाठवलेला संकेतांक. फारच जास्त असला तर दार बंदच ठेवायचे. मधली पायरी मोठी सोयीची आहे. आपल्या पंचवीस जणांतील २० खऱ्यांचे फक्त मिनिटभर जाते आणि पाच चोरांपैकी बहुतेक बाहेर राहतात. ई-मेलमध्ये शिरलेला चोर त्याच्या आधाराने तुमची इतर खातीही बळकावू शकतो, हे लक्षात घेतले तर हा सौदा वाजवी आहे.

पण ज्यांच्याजवळ दुसरा पुरावा नाही, त्यांच्यासाठी मधली पायरी म्हणजे बंद दारच. येथे दैवाचा विचित्र फेरा आहे. फोन हरवला म्हणून संशय वाढला, आणि फोन हरवला म्हणूनच संशय फेडण्याचे साधनही गेले. त्याच क्रमांकाचे दुसरे सिमकार्ड घेतले तरी काम लगेच होत नाही. दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड बदलून संकेतांक पळवण्याचे प्रकार घडू लागले, तेव्हा २०२२ मध्ये भारतातील दूरसंचार कंपन्यांना असा आदेश मिळाला, की बदललेल्या सिमकार्डावर पहिले २४ तास लघुसंदेश बंद ठेवावेत. नियम शहाणपणाचाच, पण ताईची तपासणी नऊ तासांवर आली आहे.

आणि घाबरून ती काय करते? पुनःपुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक फसलेला प्रयत्न चौथ्या चाळणीत तिला चोरांच्या जवळ नेतो. थोड्या वेळाने पडद्यावर येते : 'काही तासांनी प्रयत्न करा.' नेमके कशावरून अडवले, हे मात्र संकेतस्थळ सांगत नाही. ते सांगितले, तर चोरालाही कोणती खूण बदलायची ते कळेल.

ताई सुटली कशी?

तिने फोन बाजूला ठेवला आणि पहाटे मैत्रिणीच्या फोनवरून घरी बाबांना उठवले. घरच्या संगणकावर तिचे खाते उघडेच होते. तोच संगणक, तेच वाय-फाय, आणि ब्राउझरमध्ये जुना बिल्ला! बाबांनी पत्र शोधले आणि मैत्रिणीच्या पत्त्यावर धाडले. दहाच्या आत त्याची छापील प्रत हातात होती. खाते स्वतः उघडायला मात्र तिला नवे सिमकार्ड सुरू होईपर्यंत थांबावे लागले.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. एक, खुणा एकदम बदलू नका. फोन बदलायचा असेल, तर गाव सोडण्यापूर्वी, घरच्याच वाय-फायवर आणि जुना फोन चालू असताना नव्यावर लॉग-इन करा. म्हणजे एका वेळी एकच साक्षीदार नवा असतो. बाकीचे त्याला ओळख देतात. दुसरी, फोनवर अवलंबून नसलेला एक पुरावा आधीच जवळ ठेवा. अनेक संकेतस्थळे राखीव संकेतांक देतात. गूगल आठ आकडी असे दहा संकेतांक देते. प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून दाखल्यांच्या पाकिटात ठेवले असते, तर रात्री एक वाजताही ताईचे काम मिनिटभरात झाले असते.

करून पाहा

आठवडाभर एक तक्ता ठेवा. घरातील कोणी कोणतेही खाते उघडले, की चार रकाने भरा : यंत्र नेहमीचे की नवे, ठिकाण नेहमीचे की नवे, वेळ नेहमीची की वेगळी, पासवर्ड चुकला की नाही. खात्याचे नाव किंवा पासवर्ड मात्र लिहू नका. वर्गातील सर्वांचे तक्ते एकत्र करा आणि प्रत्येक रकान्यात शंभरात किती 'नवे' आले ते काढा. चारही प्रमाणे अपूर्णांकात मांडून त्यांचा गुणाकार करा आणि येणाऱ्या उत्तराला एकूण नोंदींच्या संख्येने गुणा. मग चारही रकाने 'नवे' असलेल्या नोंदी प्रत्यक्ष मोजा. दोन उत्तरे जुळतात का? जुळली नाहीत, तर तुमच्या वर्गातही नाणी कोठेतरी चिकटलेली आहेत. ती कोणती, ते शोधून काढा.